‘एक तारखेला सगळं चालू पाहिजे’ : साहेबांच्या अशक्य तारखेला लेखी उत्तर कसं द्यावं

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्याचं अकाउंट्स सांभाळते. मार्चच्या ७ तारखेला, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, पर्स खांद्याला अडकवून निघाले होते तेव्हा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, एक एप्रिलपासून नवीन सॉफ्टवेअर. जुन्या सिस्टीममधलं सगळं तिकडे आलं पाहिजे. तीन वर्षांचं.” एवढंच. सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं हेही मला तेव्हाच कळलं.

त्याआधीच्या नोकरीत अशाच एका तारखेला मी “प्रयत्न करते सर” म्हणाले होते. त्यांनी ते “हो” म्हणून ऐकलं, आणि शेवटच्या आठवड्यात “जमत नाहीये” सांगायला गेले तेव्हा “मग आधी का नाही बोललात?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. या वेळी मी दोन दिवस मागून घेतले आणि एक मेल लिहिली. ती कशी लिहिली, त्याआधी काय मोजलं आणि कुठे फसायला झालं असतं, ते इथे क्रमाने देते. उदाहरण अकाउंट्सचं आहे, कारण मला तेच येतं. पण मार्चअखेरीचं काम आणि वरून नवं काम हा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना बाकीचं जुळवून घेता येईल.

आधी हे गोळा करा

- कॅलेंडर, सुट्ट्या आणि रविवार खुणा केलेलं.
- कामाची मोजदाद : किती आयटम, किती पार्ट्या, किती बिलं बाकी. हे सगळं जुन्या सिस्टीममधून एक्सेलमध्ये काढता येतं.
- त्या महिन्यातल्या कायद्याच्या तारखा, वेगळ्या कागदावर.
- सॉफ्टवेअरवाल्याचं कोटेशन. त्यात कोणतं काम त्यांचं आणि कोणतं आपलं, हे बहुतेक वेळा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. आमच्या कोटेशनमध्ये “डेटा क्लीनिंग ग्राहकाकडून” असं एका ओळीत लिहिलेलं होतं. ही एक ओळ म्हणजे साठ-सत्तर तासांचं काम.
- ज्यांच्या हातून काम होणार त्यांच्याशी दहा मिनिटांचं बोलणं. आमच्याकडे मी, एक ज्युनिअर आणि स्टोअरचे काका.

१. केबिनमध्ये हो किंवा नाही म्हणू नका

उभ्या-उभ्या “नाही होणार” म्हटलं की वाद तारखेवरून तुमच्या वृत्तीवर जातो. “बघते” म्हटलं की काम तुमच्या गळ्यात पडतं. मी म्हणाले, “सर, किती काम आहे ते मोजून सोमवारी संध्याकाळपर्यंत लिहून देते.” यात मुदत माझी आणि ती छोटी. दोन दिवसांपेक्षा जास्त मागू नका, नाहीतर तुम्ही टाळताय असंच वाटेल.

निघता निघता एक प्रश्न मात्र विचारून घ्या, कारण तो नंतर मेलवर विचारला की आगाऊपणा वाटतो : “एक तारखेलाच का, सर?” आवाज साधा ठेवा.

२. तारीख कुठून आली ते शोधा

मला वाटलं होतं की नवं आर्थिक वर्ष, म्हणून नवं सॉफ्टवेअर. तसं नव्हतं. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की एप्रिलपासून त्यांच्या पोर्टलवर जाणाऱ्या प्रत्येक बिलावर त्यांचा आयटम कोड हवा, नाहीतर माल गेटवर थांबेल. जुन्या सिस्टीममध्ये त्या कोडला जागाच नव्हती. साहेबांच्या डोक्यात ती गाडी गेटवर थांबलेली होती. ‘तीन वर्षांचं सगळं’ हे त्यांनी सहज जोडून दिलेलं होतं.

हे कळल्यावर कामाचं रूपच बदललं. त्या गिऱ्हाइकाला आम्ही फक्त ४६ आयटम देतो. म्हणजे एक तारखेला नक्की व्हायला हवं ते एवढंच : त्या ४६ आयटमचं बिल बरोबर निघणं.

तारखा तीन प्रकारच्या असतात, त्या वेगळ्या करा. कायद्याच्या तारखा हलत नाहीत, त्यांवर घासाघीस करायची नाही. बाहेरच्या कोणाला दिलेला शब्द असेल तर तो नेमका काय दिला आहे ते विचारायचं, बहुधा तो ऐकलेल्यापेक्षा लहान निघतो. आणि तिसरी, कोणीतरी बोलताना ठरवलेली गोल तारीख, म्हणजे ‘एक तारीख’, ‘दिवाळीच्या आत’, ‘महिनाअखेर’. बोलणी होतात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात.

३. काम तासांत मोजा, अंदाजाने नाही

“खूप काम आहे” या वाक्याला कोणत्याही साहेबांकडे “सगळ्यांनाच असतं” हे उत्तर तयार असतं. “२५६ तासांचं काम आहे आणि १४४ तास आहेत” याला तसं उत्तर देता येत नाही. त्यांना एखादा आकडा खोडावा लागतो, आणि खोडायला गेले की ते तुमच्या शेजारी बसून तुमचंच गणित करायला लागतात.

सोमवारी सकाळी मी घड्याळ लावून एक तास आयटमची यादी साफ केली. प्रत्येक ओळीत नाव, एकक, सहा अंकी एचएसएन कोड आणि दर तपासायचा आणि दुबार नोंद काढायची. तासात ३८ झाले. म्हणून धरले ४०. यादीत २,६४० आयटम होते, म्हणजे ६६ तास. असंच प्रत्येक कामाचं केलं :

- आयटमची यादी साफ करणं : ६६ तास
- ६१० पार्ट्यांची नावं, जीएसटी क्रमांक, पत्ते तपासणं, तासाला ३० प्रमाणे : २० तास
- बाकी असलेली बिलं एकेक करून चढवणं : २२ तास
- बिलाचा नमुना आणि ई-इन्व्हॉइसची चाचणी : १६ तास
- स्टोअर, डिस्पॅच आणि परचेसच्या लोकांना शिकवणं : १२ तास
- ३१ मार्चचा प्रत्यक्ष स्टॉक मोजून जुळवणं : ३० तास
- तीन वर्षांच्या जुन्या नोंदी आणणं : ९० तास

बेरीज २५६.

आता हातात किती आहेत ते. १० ते ३१ मार्च म्हणजे २२ दिवस. तीन रविवार आणि पाडवा गेला की १८. मार्चमध्ये रोजची बिलं, बँक, पेमेंट आणि ऑडिटरचे फोन यांतून मला आणि ज्युनिअरला दिवसाला तीन-तीन तास मोकळे मिळतात. काकांना दोन. म्हणजे १०८ आणि ३६, मिळून १४४.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे दिवसाचे आठ तास धरणं. आठ तास कोणालाच मिळत नाहीत. गेल्या आठवड्यात दिवसभरात प्रत्यक्षात काय काय केलं ते लिहून काढा, मग खरा आकडा दिसेल. दुसरी चूक उलटी : भीतीपोटी प्रत्येक आकडा थोडा फुगवणं. साहेबांनी एखादा फुगवलेला आकडा पकडला, की उरलेले सगळे खोटे ठरतात. राखीव तास ठेवायचेच असतील तर वेगळ्या ओळीत, उघड नाव देऊन ठेवा.

४. काय सोडता येत नाही ते आधी बाजूला काढा

पर्याय देताना मोह होतो तो नेमका चुकीच्या ठिकाणी काटछाट करण्याचा. ई-इन्व्हॉइसची चाचणी हे त्याचं उदाहरण. सोळा तास, आणि वरवर पाहता ‘एक तारखेला बघू’ म्हणण्यासारखं काम. पण पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, आणि एकदा सरकारी पोर्टलवर गेलेलं बिल तिथे दुरुस्त करता येत नाही. २४ तासांच्या आत रद्द करता येतं, आणि रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. एक तारखेला नव्या सिस्टीममधून पहिली दहा बिलं चुकीच्या एचएसएनने गेली तर निस्तरत बसावं लागेल. तेव्हा हे सोळा तास तिन्ही पर्यायांत राहिले.

स्टॉकची मोजणीही तशीच. वर्षअखेर असल्याने ती नव्या सॉफ्टवेअरविनाही करायचीच होती. “या वेळी अंदाजे आकडा टाका” अशी सूचना वरून आली तर तो पर्याय नाही, आणि तो तुमच्या मेलमध्ये तर अजिबात असू नये. तो तुमच्या हातचा म्हणून लिहिला जातो.

एप्रिल मोकळा धरू नका, हेही इथेच. “उरलेलं एप्रिलमध्ये करू” असं मी जवळजवळ लिहिलंच होतं. पण मार्चचं जीएसटीआर-१ एप्रिलच्या ११ तारखेला, ३बी २० तारखेला, आणि मार्चचा टीडीएस भरायची शेवटची तारीख ३० एप्रिल. वर ऑडिट. म्हणून उरलेल्या कामाला मी जून लिहिला.

५. दोन-तीन पर्याय तयार करा, प्रत्येकाची किंमत लिहून

सगळ्या मेलचा जीव इथे आहे. तारीख, काम आणि माणसं (किंवा पैसे) या तीन गोष्टी आहेत. तिन्ही एकाच वेळी घट्ट धरता येत नाहीत. एकेक सैल केली की एकेक पर्याय निघतो.

*तारीख तीच, काम कमी.* गेल्या बारा महिन्यांत ज्यांची खरेदी-विक्री झाली असे आयटम ९०० निघाले. ते साफ करायला २३ तास. जुन्या नोंदी आणायच्या नाहीत, जुनी सिस्टीम फक्त बघण्यापुरती चालू ठेवायची. बेरीज १२३ तास, म्हणजे २१ तास हाताशी. किंमत : गेल्या वर्षीशी तुलना करायची असेल तर दोन ठिकाणी बघावं लागेल.

*काम तेच, तारीख पुढे.* १ जुलै. हे कायद्याने चालतं, कारण बिलांची वेगळी मालिका वर्षाच्या मध्येही सुरू करता येते. क्रमांक सोळा अक्षरांपर्यंतचा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आलेला असला की झालं. किंमत : पहिली तिमाही जुन्या सिस्टीममध्ये, ऑडिटरला एका वर्षासाठी दोन ठिकाणी बघावं लागणार. आणि खरी अडचण ही, की मोठ्या गिऱ्हाइकाचा कोड तीन महिने हाताने लिहावा लागणार.

*तारीख तीच, काम तेच, माणसं जास्त.* बाहेरून दोन डेटा एंट्रीवाले, पंधरा दिवस, दिवसाचे दोघांचे मिळून १,६०० रुपये धरले तर २४,००० रुपये. कागदावर ११२ तासांचं भोक बुजलं. पण हा पर्याय लिहिताना मी स्टोअरच्या काकांना विचारलं आणि बरं झालं विचारलं. आमच्या यादीत `6204 ZZ` आणि `6204 2RS` असे दोन बेअरिंग आहेत. बाहेरचा मुलगा दोन्ही ‘६२०४’ म्हणून एक करून टाकेल. पहिल्याला दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असतं, दुसऱ्याला रबराचं सील. मापं एकच, काम वेगळं, दर वेगळा. तेव्हा त्यांनी केलेलं आमच्यापैकी कोणीतरी तपासायलाच हवं. प्रत्येक तीन तासांमागे एक तास तपासणी धरली तरी ११२ तासांच्या कामाला साधारण ३७ तास, आणि ते आमच्याकडे नव्हते. म्हणजे तिन्ही रविवार. हे मी पर्यायात स्पष्ट लिहिलं.

एक सापळा : मनात एकच पर्याय असतो आणि बाकीचे दोन मुद्दाम हास्यास्पद केले जातात. तसं करू नका. साहेबांनी तोच निवडला तर तुम्हाला तो पार पाडावा लागेल. मी मेल पाठवण्याआधी तिसऱ्या पर्यायासाठी ज्युनिअरला विचारलं होतं, “तीन रविवार येशील का?” “दोन येईन ताई, तिसऱ्याला बहिणीचा साखरपुडा आहे.” मग दोनच धरले, आणि उरलेली तपासणी पाडव्याच्या दिवशी मी करणार असं लिहिलं. आवडलं नव्हतं. पण पर्याय खरा होता.

६. मेल : मोबाइलच्या दीड स्क्रीनमध्ये बसेल इतकी

साहेब मेल मोबाइलवर, बहुधा गाडीत वाचतात. म्हणून पहिल्या तीन ओळींत निर्णय काय हवा आहे ते यायला हवं. एक्सेल जोडा, पण ते उघडल्याविनाही मेल समजली पाहिजे. मी पाठवलेली मेल थोडी आवरून देते :

> विषय : नवीन सॉफ्टवेअर, १ एप्रिल : तीन पर्याय, १२ तारखेपर्यंत निर्णय हवा
>
> सर,
>
> १ एप्रिलला मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल त्यांच्या कोडसह नव्या सिस्टीममधून निघेल, हे तिन्हींपैकी दोन पर्यायांत शक्य आहे. तीन वर्षांच्या नोंदींसह सगळं काम मात्र आहे त्या माणसांत तोवर होत नाही. काम २५६ तास, हातात १४४ तास. हिशोब सोबत जोडला आहे.
>
> अ) १ एप्रिलला सुरू. चालू ९०० आयटम, सगळ्या पार्ट्या, बाकी बिलं, ई-इन्व्हॉइस. उरलेले आयटम आणि जुन्या नोंदी ३० जूनपर्यंत. तोवर जुने रिपोर्ट जुन्या सिस्टीममध्ये दिसतील. जादा खर्च नाही.
>
> ब) सगळं पूर्ण करून १ जुलैला सुरू. एप्रिल ते जून गिऱ्हाइकाचा कोड बिलावर हाताने लिहावा लागेल. तो त्यांना चालतो का, हे विचारावं लागेल.
>
> क) १ एप्रिलला सगळं. बाहेरची दोन माणसं, अंदाजे २४,००० रुपये. तपासणीसाठी आम्ही दोन रविवार आणि पाडव्याला येऊ. चूक राहण्याचा धोका यात जास्त आहे, विशेषतः सारख्या दिसणाऱ्या आयटममध्ये.
>
> माझं मत अ. ई-इन्व्हॉइसची चाचणी आणि चालू आयटम साफ करणं हे तिन्हींत लागतंच, म्हणून ते उद्यापासून सुरू करते आहे. १२ तारखेपर्यंत कळवलंत तर बाकीचं ठरवता येईल. त्यानंतर ठरलं तर क साठी माणसं मिळून पंधरा दिवस उरणार नाहीत.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम आहेत. पहिल्या ओळीत ‘शक्य आहे’ असं आहे, आणि ते त्यांना ज्याची काळजी आहे त्याच गोष्टीबद्दल आहे. माझं मत लिहिलं आहे, कारण नुसते पर्याय पुढे ढकलणं म्हणजे डोकेदुखी त्यांच्याकडे सरकवणं. ‘उद्यापासून सुरू करते’ हे आहे, म्हणजे मी निर्णयाची वाट बघत हात बांधून बसलेली नाही. आणि निर्णयाला तारीख आहे, ती का आहे त्या कारणासह.

काय नाही तेही बघा. “आधी विचारलं असतं तर”, “आमच्याकडे माणसं कमी आहेत हे मी गेल्या वर्षीही सांगितलं होतं”, “एवढ्या कमी वेळात” यांतलं काहीच नाही. हे मी पहिल्या मसुद्यात सगळं लिहिलं होतं. रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला, “भांडण आहे की हिशोब?” सकाळी सगळं खोडलं.

सीसीमध्ये कोणीही नको. पार्टनर, ऑडिटर, सॉफ्टवेअरवाले यांच्यासमोर साहेबांना माघार घ्यावी लागली तर ते घेणार नाहीत. ठरल्यावर मग सगळ्यांना कळवा.

७. तोंडी उत्तर आलं की ते लिहून परत पाठवा

उत्तर मेलवर येईल अशी आशा ठेवू नका. माझं उत्तर कॉरिडॉरमध्ये आलं. “मॅडम, अ करा. पण त्या मोठ्या गिऱ्हाइकाचं तीन वर्षांचं खातं नव्या सिस्टीममध्ये हवं. त्यांचे लोक मीटिंगला आले की लागतं.”

इथे बहुतेक जण “ठीक आहे सर” म्हणून टेबलावर येतात आणि ‘अ’चा हळूहळू ‘क’ होतो. त्या एका खात्याला १४ तास लागणार होते. माझ्याकडे २१ हाताशी होते, पण ते सगळे आधीच वाटून टाकायची माझी तयारी नव्हती. म्हणून पार्ट्यांच्या यादीतून सध्या व्यवहार असलेल्या ३४०च घ्यायच्या असं सुचवलं. ते ११ तासांत होतं, नऊ वाचले. लगेच मेल :

> सर, आत्ता बोलल्याप्रमाणे पर्याय अ ठरला. त्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं तीन वर्षांचं खातं वाढवलं (१४ तास). त्याऐवजी ६१०पैकी सध्या व्यवहार असलेल्या ३४० पार्ट्याच १ एप्रिलपर्यंत येतील (९ तास वाचतील). बाकीच्या जूनपर्यंत. हाताशी २१ ऐवजी १६ तास राहतात. यात काही वेगळं असेल तर कृपया कळवा.

‘यात काही वेगळं असेल तर कळवा’ ही ओळ सोडू नका. गप्प राहिले तर मान्य, असा तिचा अर्थ होतो आणि तसं कुठे म्हणावंही लागत नाही. व्हॉट्सॲपवर ठरलं असेल तरी हेच करा. तिथलं तीन आठवड्यांनी सापडत नाही, आणि व्हॉइस नोट तर कोणी परत ऐकतच नाही.

८. “ते मला माहीत नाही, सगळं झालंच पाहिजे” असं उत्तर आलं तर

तेच पर्याय पुन्हा पाठवू नका, वाद घालू नका. अशा वेळी मागायचा तो क्रम. माझ्या मैत्रिणीवर हा प्रसंग आला, तिच्या ऑफिसात काम वेगळं होतं पण तिने लिहिलं ते असं : “ठीक आहे सर. कामं या क्रमाने घेते आहे : १…, २…, ३… आजच्या हिशोबाने ३१ तारखेला चौथ्या कामापर्यंत पोचू. क्रम बदलायचा असेल तर सांगा. २० तारखेला कुठवर आलं ते कळवते.” यात ती ‘नाही’ म्हणत नाही. पण काय राहणार ते यादीच्या तळाशी दिसतं, आणि तारीख उलटण्याआधी दहा दिवस दिसतं. २० तारखेला मात्र खरंच कळवायला हवं. तिने कळवलं, आणि तेव्हा साहेबांनी स्वतःच खालची दोन कामं पुढे ढकलली.

आणि एक. काही साहेबांना मेल म्हणजे पुरावा वाटतो आणि त्यांचा चेहरा बदलतो. तुमचे तसे असतील तर आधी छापील कागद घेऊन समोर बसा, बोला, आणि मग सातव्या टप्प्यातली छोटी मेलच पाठवा. कागदावरचं गणित तेच राहतं.

९. ठरल्यानंतर दर आठवड्याला चार ओळी

किती झालं, किती उरलं, हाताशी तास किती, काही अडलं का. एवढंच. १६ तासांपैकी किती वापरले ते दर शनिवारी मी लिहायचे. २८ तारखेला ते पाच उरले होते, कारण गिऱ्हाइकाच्या ४६ कोडपैकी सहा त्यांच्याच यादीत चुकीचे होते आणि त्यांच्या स्टोअरशी फोनाफोनी करण्यात वेळ गेला.

१ एप्रिलला सकाळी पावणेबाराला पहिलं बिल निघालं, कोडसह, क्यूआरसह, आणि गाडी गेटमधून गेली. पहिल्या आठवड्यात ३१ आयटम असे सापडले जे वर्षभर हलले नव्हते म्हणून आम्ही सोडले होते आणि नेमके आता मागवले गेले. ते त्या-त्या वेळी चढवले, काकांची चिडचिड ऐकत.

जुन्या नोंदी मात्र ३० जूनला आल्या नाहीत. ऑडिट लांबलं, ज्युनिअर पंधरा दिवस रजेवर होता. जूनच्या १० तारखेला मी साहेबांना पुन्हा मेल लिहिली : ९०पैकी ४० तासांचं झालं आहे, उरलेल्याला ऑगस्ट अखेर लागेल, किंवा फक्त गेल्या एका वर्षाच्या नोंदी घेतल्या तर १५ जुलै. कोणतं? त्यांनी लिहून कळवलं, पहिल्यांदाच : “एक वर्ष पुरे.”